साडेसात सेंटिमीटरची पट्टी

आमच्या सोसायटीच्या कॅरम स्पर्धेसाठी एका काकांनी वडिलांच्या स्मरणार्थ चषक द्यायचं ठरवलं. त्यावरच्या पट्टीचा मजकूर बसवायचं काम ‘तुला कंप्युटर येतो’ या एकाच गुन्ह्यासाठी माझ्या गळ्यात पडलं.

दुकानदाराने पितळी पट्टी दाखवली. ७५ मिलिमीटर लांब, २० मिलिमीटर उंच. कमिटीने मजकूर दिला सात ओळींचा. त्यात ‘स्मृतिप्रीत्यर्थ’ होतं, ‘यांच्या शुभहस्ते’ होतं आणि सेक्रेटरींचं नाव पदासकट होतं. वर-खाली दोन-दोन मिलिमीटर कड सोडली की हातात उरतात १६. सात ओळी घातल्या तर एकीच्या वाट्याला सव्वादोन. त्यातही आपली लिपी इंग्रजीसारखी गरीब नाही. डोक्यावर वेलांटी आणि रफार, पायाशी उकार. त्यांची जागा काढली की मूळ अक्षराला दीड मिलिमीटरही उरत नाही.

“होऊन जाईल हो, मशीन बारीक आहे,” खजिनदार म्हणाले.

मशीन बारीक असतं, पण सुईची रेघ जाडीची असते. दुकानदाराने भंगारातल्या तुकड्यावर कोरून दाखवलं. ‘प्रीत्यर्थ’मधला रफार शिरोरेषेत शिरला होता, ‘त्य’चं पोट भरून गेलं होतं, आणि एकूण शब्द मुंगी चिरडल्यासारखा दिसत होता. त्याचं म्हणणं, अक्षर तीन मिलिमीटरचं हवं. मात्रा-उकार धरून ओळ पाचची. म्हणजे तीन ओळी, बस्स.

कमिटीला हे पटेना, कारण व्हॉट्सॲपवर नमुना बघताना प्रत्येक जण दोन बोटांनी तो मोठा करून बघत होता. शेवटी मी खऱ्या मापाची कागदी छपाई काढून चषकावर चिकटवली आणि म्हटलं, हातभर अंतरावरून वाचा. सेक्रेटरींना स्वतःचं पद वाचता आलं नाही. ते त्यांनी जड मनाने सोडलं.

मग छाटणी. ‘शुभहस्ते’ गेलं, हस्त फोटोत दिसतातच. ‘स्मृतिप्रीत्यर्थ’ ऐवजी ‘स्मृतिचषक’ आलं. त्यावर ‘स्मृ’नंतर ‘ति’ ऱ्हस्व की दीर्घ यावर अर्धा तास गेला. समासात ऱ्हस्व, म्हणून ऱ्हस्व. हे आधीच ठरवावं लागतं, कारण दुकानात आपला फॉन्ट नसतो. अक्षरांचे वळणरेषांत आकार करून फाइल द्यायची. नाही तर ‘द्वितीय’ची वेलांटी भलत्याच अक्षरावर उगवते. आणि एकदा आकार झाले की चूक टाइप करून सुधारता येत नाही.

जागा वाचवायच्या धांदलीत मी वडिलांच्या नावाची ओळ वर हलवली आणि काकांच्या मागचं ‘श्री.’ उडवलं. ‘कै.’ मात्र खालीच राहिलं. ते सरकून थेट काकांच्या नावामागे जाऊन बसलं, आणि तोच नमुना ग्रुपवर गेला.

संध्याकाळी काका दारात. “अरे, देणगीचा चेक अजून दिलेला नाहीये मी,” ते म्हणाले. “तेवढं तरी थांबायचंस.”