प्रसादाच्या शिऱ्यातलं सव्वाचं माप

श्रावणात भाचीचा फोन आला. घरी सत्यनारायण होता, माणसं साठ-सत्तर, आणि प्रसाद तिने स्वतः करायचं ठरवलं होतं. "मावशी, सगळं सव्वाने घेतलं गं. तरी शिऱ्याचा गोळा झालाय, आणि चावला तर आत कचकच लागतेय." रडवेल्या आवाजात बोलत होती बिचारी. चिकट आणि कच्चा, दोन्ही एकदम. पुष्कळ घरांत हेच होतं आणि दोष रव्याला दिला जातो, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

मी तिला पहिला प्रश्न विचारला, सव्वा म्हणजे काय मोजलंस? सव्वा किलो रवा, सव्वा किलो साखर, सव्वा लिटर दूध. तूप मात्र अर्धा किलोच, कारण "एवढं कोण खाणार". इथेच सगळं आलं.

सव्वाचं माप वाटीने घेतलं तर एक हिशोब होतो आणि वजनाने घेतलं तर दुसरा. रवा हलका असतो. 200 मिलीच्या वाटीत साधारण 140 ग्रॅम रवा मावतो, पण तूप 180 ग्रॅमच्या आसपास आणि साखर 170 ग्रॅम. म्हणजे सव्वा किलो रवा झाला जवळजवळ नऊ वाट्या आणि सव्वा किलो तूप झालं सात वाट्या. वजनाने समसमान घेतलं की तूप आपोआप वाटीला पाऊण वाटीच्या थोडं वर येतं. वाटीला वाटी तुपाचा शिरा फार तुपकट होतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी प्रसाद तराजूवर मोजून करावा. परंपरेचं माप पाळलं जातं आणि शिराही बरोबर होतो.

दुधाचं मात्र उलटं आहे. सव्वा लिटर दूध म्हणजे जेमतेम सव्वासहा वाट्या, आणि नऊ वाट्या रव्याला किमान वीस वाट्या ओलावा लागतो, म्हणजे चार लिटर. नुसत्या सव्वा लिटरमध्ये तो रवा फुलणारच नाही. पूर्वीच्या बायका दुधाचं माप नैवेद्यापुरतं पाळायच्या आणि वर लागेल तसं आधणाचं पाणी घालायच्या. ते पाणी कोणी यादीत लिहीत नाही, त्यामुळे यादी वाचून करणारी मुलगी फसते. केळ्यांचंही पाणी धरायचं. सोललेल्या केळ्यात जवळपास तीन चतुर्थांश पाणीच असतं. डझनभर मध्यम केळी घातली की पाऊण-एक लिटर ओलावा तिथूनच येतो. सव्वा लिटर दूध, केळी आणि दोन लिटर उकळतं पाणी, असं मिळून चार लिटर होतात.

आता तुपाकडे येते, कारण माझं खरं भांडण तिथे आहे. तूप कमी करून ती कसर पाण्याने भरून काढता येत नाही. भाजताना प्रत्येक दाण्याला तुपाचा पातळ लेप बसतो. पाणी पडलं की रव्यातलं पीठूळ सत्त्व फुगतं आणि दाण्याबाहेर यायला बघतं. तो लेप असेल तर दाणे एकमेकांना धरत नाहीत. लेप नसेल तर तेच सत्त्व खळीसारखं काम करतं. पाणी वाढवलं तर खळ वाढते, कमी केलं तर शिरा कोरडा. रोजच्या शिऱ्याला मी वाटीला अर्ध्या वाटीच्या खाली जात नाही. ज्यांना तूप कमी खायचं आहे त्यांनी शिरा कमी वाढून घ्यावा, कढईतलं तूप तोडू नये.

भाजण्याबद्दल वेळ सांगणं मला आवडत नाही, कारण कढई आणि आच प्रत्येकीची वेगळी. वाटीभर रव्याला मंद आचेवर दहा-बारा मिनिटं, सव्वा किलोला सहज पाऊण तास. पण घड्याळापेक्षा कालथ्याकडे लक्ष द्या. रवा तुपात पडला की आधी ओल्या वाळूसारखा बसतो, कालथा जड जातो. थोड्या वेळाने तोच रवा हलका होतो, सैल होऊन कालथ्यावरून घरंगळतो, दाण्यादाण्यावर चकाकी येते आणि घरभर खमंग वास सुटतो. रंग फिका बदामी. याच्याआधी पाणी घातलंत तर चिकटपणा ठरलेला. लालसर होईपर्यंत थांबलात तर दाणा पाणी कमी पितो आणि शिरा रखरखीत लागतो. आच बंद केली तरी तापलेली जाड कढई रवा पुढे भाजत राहते, म्हणून दूध-पाणी आधीपासून शेजारी उकळत हवं. केळ्याच्या चकत्या शेवटच्या तीन-चार मिनिटांत त्याच तुपात परतायच्या.

दूध-पाणी उकळतंच घालायचं, थोडं थोडं, बाजूने, कारण जोरात वाफ उसळते. गार दूध घातलं तर रवा सावकाश भिजतो आणि तोवर गुठळ्या होतात. एकदा हलवून झाकण ठेवायचं, मंद आचेवर पाच-सात मिनिटं. या वेळात ढवळत बसू नका, ओला दाणा घोटला की खळ सुटते. मग एक दाणा बोटांत चिरडून बघा. मध्ये पांढरा ठिपका दिसला तर अजून दोन चमचे गरम दूध शिंपडून पुन्हा झाकण.

साखर त्यानंतरच. भाचीने दुधातच विरघळवून घातली होती, काम वाचतं म्हणून. साखर पाणी स्वतःकडे ओढून धरते, रव्याला पुरेसं मिळत नाही, त्याचा गाभा कच्चा राहतो आणि बाहेर पाक होतो. तिची कचकच तिथून आली. फुललेल्या रव्यात साखर घातली की शिरा एकदम सैल होतो. घाबरून आच वाढवू नका. तीन-चार मिनिटांत तो कडा सोडतो, बाजूला तूप दिसू लागतं. कालथ्यावरून मऊ घसरून पडत असतानाच गॅस बंद. गार होताना तो घट्ट होणारच आहे, पातेल्यातच घट्ट केलात तर वाढेपर्यंत वडी होते. वेलची, केशर शेवटी, आणि दहा मिनिटं झाकून.

भाचीच्या त्या दिवशीच्या शिऱ्याचं काय केलं? तो दोन परातींत पसरवून वाफ जाऊ दिली, मग थोडा थोडा कढईत घेऊन गरम दूध शिंपडलं, झाकून वाफवला, वर दोन-दोन चमचे तूप. कचकच बरीच गेली. चिकटपणा मात्र पूर्ण गेला नाही, तो जातही नाही. एकदा सुटलेली खळ परत दाण्यात शिरत नाही.

पुढच्या रविवारी तिने एकाच वाटीचा करून पाहिला. एक वाटी जाड रवा, पाऊण वाटी तूप, पाऊण वाटी साखर, एक वाटी दूध, दीड वाटी पाणी, एक केळं. बारीक रवा असता तर पाणी अर्धी वाटी कमी सांगितलं असतं. संध्याकाळी तिने फोटो पाठवला, मुदीचा, आणि खाली लिहिलं होतं, "मावशी, दाणे मोजता येतायत."