पंचमीच्या नाटुकल्यातला गारुडी

"सर, गारुडी काढलात, दुधाची वाटी काढलीत, सर्पमित्र साप धरतो तो प्रसंगही गाळलात. मग नागपंचमीत उरलं काय? अशानं पोरं सापाला घाबरतच राहणार. बिनविषारी साप तरी हातात घ्यायला शिकवा की."
— एक वाचक, खानापूर

दादा, दूध आहे, फक्त ते दगडाच्या नागावर पडतं. आपल्याकडच्या कन्नड शेजारणी नागरकल्लूवर 'देवाचा वाटा, अप्पाचा वाटा, अव्वाचा वाटा' म्हणत दूध सोडतात, ते मी नाटुकल्यातल्या आजीला दिलंय. जिवंत नागाला दूध पाजायचा तो गारुडी. सापाला दूध पचत नाही. गारुडी त्याला कित्येक दिवस पाण्यावाचून टोपलीत ठेवतो, मग तहानलेला जीव पुढ्यात येईल ते ओढतो. ते फुफ्फुसात गेलं की नाग मरतो. दात तर आधीच उपटलेले. शिवाय 1972 च्या वन्यजीव कायद्यानं नाग पकडणं गुन्हा आहे.

कहाणी मात्र पूर्ण ठेवलीय. शेतकऱ्याच्या फाळाखाली नागिणीची पिल्लं सापडतात, म्हणून त्या दिवशी नांगर नाही, विळी नाही, तवा नाही. पुरणाची दिंडं उकडायची. नागिणीनं उन्हाळ्यात घातलेली अंडी साधारण दोन महिन्यांनी, पावसाळ्यात फुटतात. कहाणी रचणाऱ्यानं ही पिल्लं शेतात पाहिली असणार, असं मला आपलं वाटतं.

आता सर्पमित्र. पहिल्या वर्षी होता तो. रबरी साप शेपटीला धरून उचलायचा, टाळ्या पडायच्या. दुसऱ्याच दिवशी चौथीतली दोन पोरं पिंजराच्या गंजीतून खरं शेपूट ओढताना सापडली. "सर, कवड्या आहे, बिनविषारी!" डोकं गंजीत, बाहेर वीतभर शेपूट. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे बहुधा उलटे, मानेकडे विरळ आणि शेपटीकडे स्पष्ट. म्हणजे फरक सांगणारा अर्धा साप पोरांना दिसतच नव्हता. आणि मण्यार चावली तर नीट दुखतही नाही, त्यामुळे घरी सांगायचंही राहून जातं. निघाला कवड्याच. पण माझे पाय बराच वेळ थरथरत होते. 'बिनविषारी तेवढा धरा' हे वाक्य पोरांच्या कानात 'धरा' एवढंच शिरतं.

म्हणून शेवट बदलला. आई पिंजर काढायला जाते, नाग दिसतो. ती काठी शोधत नाही, हळूच मागं सरते. पोरं कट्ट्यावर, कुत्रा बांधलेला. आजोबा लांबून नुसती नजर ठेवतात, बाबा वनखात्याला फोन लावतात. माणसं पोचायच्या आत नाग बांधावरून आपला निघून जातो. पुष्कळदा घडतंही तसंच.

घाबरट होण्याचं म्हणाल तर तालमीत नाग होण्यासाठीच भांडणं आहेत. ज्याला ते काम मिळालंय तो मात्र रुसलाय, कारण त्याला एकही वाक्य नाही.