पीक भरघोस, तरी सराफाकडे गर्दी का नाही?

"पाऊस चांगला झाला की खेड्यात सोनं खपतं, हे तुमचं ठोकळेबाज विधान आहे. आमच्या भागात सोयाबीन भरपूर झालं, पण दिवाळीत सराफाकडे कोणी फिरकलं नाही. मग तुमचं गणित कुठं गेलं?"

पोती किती भरली यापेक्षा देणी भागवून हातात काय उरलं, ते बघा. सोनं त्यातूनच घेतलं जातं.

समजा, पाच एकर सोयाबीन आहे. एकरी आठ क्विंटल उतारा आणि 4,000 रुपये भाव धरला तर 1,60,000 रुपये येतात. बियाणं, खत, फवारणी, मजुरी, काढणी-मळणी मिळून एकरी 20,000 धरले की एक लाख गेला. उरलेले साठ हजार घरखर्चात आणि मुलांच्या फीत संपतात. त्याच मालाला 5,000 भाव मिळाला तर वर 40,000 उरतात. भाव फक्त 25 टक्के वाढला, पण सोन्यासाठी जिथे एक रुपया नव्हता तिथे चाळीस हजार आले. चांगल्या वर्षी खरेदी एकदम उसळते ती यामुळे.

आता तुमच्याकडची परिस्थिती घ्या. उतारा दहा क्विंटल झाला, पण सगळ्यांचाच माल एकदम बाजार समितीत आला आणि भाव 3,400 वर उतरला, असं समजा. पट्टी होते 1,70,000 ची. त्यातून तोच एक लाखाचा खर्च, साठ हजारांचा घरखर्च-फी आणि वर वाढीव मळणी-हमाली वजा केली की हातात दहा हजारही राहत नाहीत. दाण्यात ओल असेल तर व्यापारी भाव आणखी पाडतो. पीक चांगलं, उत्पन्न मात्र जेमतेम.

पैसे उरले तरी ते आधी कृषी केंद्राच्या उधारीत जातात आणि मग पेरणीच्या वेळी गहाण टाकलेला दागिना सोडवण्यात. माझ्या मते हा मुद्दा सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. दागिना घरी परत येतो, पण सराफाच्या विक्रीत तो दिसत नाही. दोन-तीन वर्षं ओढगस्तीत गेली असतील तर पहिलं चांगलं वर्ष बहुतेक सोडवणुकीतच जातं आणि नवी खरेदी पुढच्या हंगामावर ढकलली जाते.

शिवाय दिवाळीला सगळा पैसा आलेला नसतो. कापसाच्या वेचण्या पुढेही चालू असतात, तूर जानेवारीच्या आसपास निघते, आणि घरात लग्न असेल तर खरेदी त्याच्या तारखेप्रमाणे होते.

सोन्याचा दर चढला असेल तर एक गोष्ट तपासा: विक्री रुपयांत मोजताय की ग्रॅममध्ये? चाळीस हजारांचं बजेट तेच राहतं, वजन कमी होतं. घडणावळ आणि 3 टक्के जीएसटीही त्यातूनच द्यायचा असतो. म्हणून अनेक घरं जुना दागिना मोडीत देऊन वर थोडी भर घालतात. त्यात नवं सोनं येतं ते फक्त त्या भरीपुरतं.

तुमच्या भागाचा अंदाज घ्यायचा असेल तर पतसंस्थेत सोनेतारण कर्ज किती फिटतंय ते आधी विचारा. फेड वाढली आणि नवं तारण कमी झालं, तर तूर-कापसाचे पैसे आल्यावर सराफाकडे पुन्हा एक चक्कर मारा.