मंजूर नकाशा मिळू नये म्हणून अर्ज कसा लिहावा

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर पूर्वी गाड्या उभ्या राहायच्या. आता तिथे तीन गाळे आहेत आणि गाड्या रस्त्यावर. महापालिकेने मंजूर केलेल्या नकाशात त्या जागी नेमकं काय दाखवलंय, हे बघावं म्हणून मी माहिती अधिकारात अर्ज केला. एकदा नव्हे, दोनदा. दोन्ही वेळा हाती काहीही लागलं नाही. इतक्या कष्टाने मिळवलेली ही विद्या स्वतःपाशी ठेवणं बरं नाही, म्हणून हे चार शब्द.

पहिली गोष्ट, प्रश्न ‘का’ने सुरू करा. पार्किंगच्या जागी गाळे का होऊ दिले? जबाबदार कोण? आजवर कारवाई का केली नाही? असं लिहिलं की छातीवरचं ओझं उतरतं. अधिकाऱ्याच्याही छातीवरचं उतरतं, कारण २००५ च्या या कायद्याने जे कागदावर आहे तेच मागता येतं. साहेबांच्या मनात काय होतं, हा अभिलेख नव्हे. ‘का’चा खुलासा म्हणजे माहिती नव्हे, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्येच सांगून ठेवलंय. तेव्हा तिसाव्या दिवशी उत्तर येतं: ‘आपली मागणी प्रश्नार्थक स्वरूपाची असून माहितीच्या व्याख्येत बसत नाही.’ एका ओळीत काम आटोपलं. शाईसुद्धा वाचली.

दुसरं, इमारतीचा पत्ता माणसाला सांगावा तसा सांगा. मी लिहिलं होतं, ‘देवळामागची गुलाबी इमारत’. रिक्षावाला बरोब्बर आणून सोडतो. नगररचना विभागात मात्र इमारतीला रंग नसतो. तिथे तिची ओळख नगर भूमापन क्रमांक नाहीतर सर्व्हे नंबर, आणि बांधकाम परवानगीचा क्रमांक व तारीख. हे सगळं तुमच्या करारनाम्याच्या जोडपत्रांत आणि भोगवटा प्रमाणपत्रावर छापलेलं असतं, म्हणून माळ्यावरची ती पिशवी चुकूनही खाली काढू नका.

तिसरं, मोकळेपणाने लिहा. महाराष्ट्राच्या नियमात २०१२ पासून एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द अशी मर्यादा आहे. माझा दुसरा अर्ज साडेचार पानांचा होता. त्यात गाळे होते, पाण्याचा दाब होता, बंद पडलेली लिफ्ट होती आणि शेवटी लोकशाहीच्या अवस्थेवर एक परिच्छेद होता. तो परिच्छेद अजूनही मला आवडतो.

आता विरुद्ध उदाहरण सांगतो, म्हणजे काय टाळायचं ते कळेल. तिसऱ्या मजल्यावर एक काकू राहतात, निवृत्त हेडक्लार्क. त्यांनी जोडपत्र ‘अ’च्या नमुन्यात अर्ज केला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावला. वर नगर भूमापन क्रमांक आणि परवानगी क्रमांक, खाली तीनच ओळी.

‘१. सदर इमारतीच्या भोगवटा प्रमाणपत्रासोबत मंजूर झालेल्या अंतिम नकाशाच्या सर्व पानांची साक्षांकित प्रत.
२. मूळ परवानगी, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, सर्व सुधारित परवानग्या व भोगवटा प्रमाणपत्र यांच्या प्रती.
३. टिपणीसह संपूर्ण संचिकेचे अवलोकन.’

एकही प्रश्नचिन्ह नाही. एकही ‘भ्रष्ट’ नाही. नकाशा कशासाठी हवा हेसुद्धा लिहिलं नाही, आणि कायद्यात तसं कारण द्यावंही लागत नाही. वाचून मला जांभई आली.

पण पहिल्या ओळीत खोच आहे, ती मला फार उशिरा कळली. ‘मंजूर नकाशा’ असा एकच कागद नसतो. बांधकामाआधी एक मंजूर होतो, काम चालू असताना सुधारित होतो, कधी दोनदा, आणि इमारत पुरी झाल्यावर भोगवट्याच्या वेळी शेवटचा. नुसतं ‘मंजूर नकाशा द्या’ म्हटलं की पहिला पाठवायला कार्यालय मोकळं. तो दाखवून तुम्ही भांडायला जाता आणि समोरचा शांतपणे सुधारित नकाशा काढतो. चारचौघांत तोंडघशी पडायची हौस असेल तर ‘अंतिम’ हा शब्द गाळाच.

अर्ज टाकल्यावर काय होईल, तेही ऐकून ठेवा. मुदत तीस दिवसांची. मोठ्या आकाराच्या नकाशाला प्रत्यक्ष खर्च आणि साध्या प्रतीला पानामागे दोन रुपये, असं शुल्क भरायचं पत्र एकोणतिसाव्या दिवशी निघतं. पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत, म्हणून ते पत्र फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवा, पैसे भरू नका. काकूंनी त्याच दिवशी भरले. तीस दिवस उलटून गेले तर माहिती फुकट द्यावी लागते, हे त्यांनी काउंटरवर सहज बोलून दाखवलं म्हणे.

मग त्रयस्थाचं प्रकरण. कार्यालयाने बिल्डरला विचारलं, त्याने हरकत घेतली की नकाशा हे व्यावसायिक गुपित आहे. अशा वेळी ‘त्रयस्थ पक्षाची हरकत’ हे शब्द वाचून घरी बसायचं असतं. कलम ११ प्रमाणे बिल्डरला म्हणणं मांडायला दहा दिवस मिळतात, निर्णय मात्र माहिती अधिकाऱ्यानेच चाळीस दिवसांच्या आत करायचा. हरकत म्हणजे नकाराधिकार नव्हे. शिवाय सदनिका विकताना मंजूर नकाशे खरेदीदाराला दाखवणं १९६३ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने बिल्डरवर बंधनकारकच होतं. जे गिऱ्हाइकाला दाखवायचं तेच गुपित! काकूंनी एवढंच एका पानावर लिहून दिलं.

शेवटचं हुकमी पान, ‘संचिका शोधूनही आढळून येत नाही.’ इथे मी हात टेकले होते. काकूंनी वीस रुपयांचा स्टँप लावून तीस दिवसांच्या आत पहिलं अपील केलं. त्यात दोनच मागण्या होत्या: संचिका शेवटी कुणाच्या ताब्यात होती त्याची नोंद दाखवा, आणि नसेलच तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियमाखाली काय कारवाई केली ते कळवा. त्या कायद्यात अभिलेख नाहीसा करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. सुनावणीच्या आदल्या दिवशी संचिका सापडली. कपाटाच्या मागे पडली होती म्हणे.

अवलोकनाला मीही गेलो, काकूंची पिशवी धरायला. दोऱ्याने बांधलेली संचिका, आत घड्या पडून फाटायला आलेले नकाशे. भूखंडाची हद्द जाड काळ्या रेघेने, प्रस्तावित काम लाल रंगात, कोपऱ्यात मंजुरीचा गोल शिक्का. काकूंनी आधी शिक्क्यावरची तारीख भोगवटा प्रमाणपत्राशी ताडली, मग बोट तळमजल्यावर नेलं. आयत ओळीने आखलेले, प्रत्येकात आकडा, एक ते नऊ. वर लिहिलेलं ‘पार्किंग’. गाळा एकही नाही.

काकूंनी पान क्रमांक वहीत टिपला आणि प्रतीचे पैसे भरायला रांगेत उभ्या राहिल्या. मला मात्र राहवेना. तिथल्याच बाकावर बसून मी तिसरा अर्ज लिहायला घेतला. पहिला शब्द ‘का’.