एसी कॅबिन आली, बनियान तीच राहिली

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकला एसी कॅबिन सक्तीची झाली. बरंच झालं. नागपूरच्या मे महिन्यात मी बारा वर्षं बिनएसीची गाडी हाकली आहे, त्यामुळे ‘एसी दिला की ड्रायव्हर झोपते’ म्हणणाऱ्या मालकांशी भांडायला मी कधीही तयार आहे. पण कॅबिन बदलली आणि अंगावरचे कपडे मात्र जुन्या कॅबिनचेच राहिले.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. बुटीबोरीहून माल भरून दुपारी दोनला हैदराबादला निघालो, गाडी नवी, एसीवाली. जामजवळ ताडपत्रीचा दोर सैल झालेला दिसला. वर चढलो, वीस मिनिटं दोर आवळला. खाली उतरलो तेव्हा शर्ट, बनियान, पॅन्टचा कमरपट्टा सगळं पिळून काढावं असं ओलं. तसाच सीटवर बसलो आणि ब्लोअर छातीवर धरला. वडनेरपर्यंत स्वर्ग. पांढरकवडा आलं तेव्हा मान आखडली होती. उजवीकडचा आरसा दिसत होता, डावीकडचा बघायला अख्खं अंग वळवावं लागत होतं. क्लिनर म्हणाला, “उस्ताद, आंघोळ करून ओल्या कपड्यानं पंख्याखाली बसले ना जी तुम्ही!”

पोरगं बरोबर बोललं. सुती बनियान घाम पिते. बिनएसीच्या गाडीत खिडकीतून झळ येते, घाम वाळतो, वाळताना गारवा देतो, तिथं ती सोन्यासारखी. पण एसीत हवा आधीच थंड आणि पाठ रेक्झिनला चिकटलेली. समोरून कापड वाळता वाळता अंगाची ऊब ओढून घेतं, मागून ते वाळतच नाही. दुखतं ते खांद्याला आणि कमरेला, आणि आपण म्हणतो गाडीचे झटके लागले.

म्हणून आता बनियान तीन ठेवतो. दोर आवळून आलो की आधी दुपट्ट्यानं अंग कोरडं करायचं, बनियान बदलायची, मग दार लावायचं. पाच मिनिटं एसी मध्यम, वारा काचेकडे, छातीकडे नाही. ओली बनियान सीटमागच्या दोरीवर. सीटवर लाकडी मण्यांचं कव्हर, म्हणजे पाठीमागून हवा फिरते. मालकानं दिलेला खाकी टेरिकॉटचा शर्ट वरून, बटणं उघडी. पूर्ण बाह्या हव्यातच, कारण काचेतून येणारं ऊन उजव्या हाताला भाजतंच, एसी असो नसो. जीन्स मात्र नको. कमरेला भिजली की रात्रीपर्यंत वाळत नाही, आणि जांघेत घामोळ्या आल्या की पाचशे किलोमीटर काय असतात ते कळतं.

पायांची गंमत वेगळी आहे. इंजिन डाव्या अंगाला, त्यामुळे डावी पोटरी भाजते. दार उजवीकडे, जुन्या गाडीत दाराचं रबर गेलेलं, त्यामुळे जानेवारीच्या रात्री उजवा घोटा बर्फ होतो. एकाच माणसाचा एक पाय मे महिन्यात, दुसरा जानेवारीत! हिवाळ्यात मी उजव्या पायात एकावर एक दोन मोजे घालायचो, तर बूट घट्ट झाला आणि अंगठा बधिर. ब्रेक किती दाबला तेच कळेना. त्यापेक्षा दाराच्या फटीला जुन्या चादरीची पट्टी कोंबलेली बरी.

चप्पल घालून चालवणाऱ्यांवर हसू नका, मीही चालवली आहे. ढाब्यावर पाय धुतले, ओल्या पायानं चढलो, चप्पल सटकली आणि ब्रेकच्या पेडलखाली गेली. गाडी तेव्हा उभी होती म्हणून आज पोस्ट लिहितोय. पण उलट टोकही वाईट. कारखान्याच्या गेटवर पुढे लोखंडी टो असलेले सेफ्टी शूज लागतात, तेच घालून काही जण पुढे निघतात. तो टो इतका रुंद की ब्रेक दाबताना कडेनं अ‍ॅक्सिलरेटरही दबतो. ते शूज फक्त माल भरताना.

चालवायला टाचेमागे पट्टा असलेली सँडल किंवा पातळ सोलचे कॅनव्हास बूट. घेताना संध्याकाळी घ्या, दिवसभर बसून पाय सुजलेले असतात, सकाळी बरोबर बसलेला बूट रात्री चावतो. दुकानातच टाच जमिनीवर ठेवून पंजा पुढे दाबून बघा. सोल बोटांपाशी वाकला पाहिजे. मग उभ्या गाडीत ब्रेक हळूच दाबा. पेडल कुठे जड होतं ते तळव्याला कळलं तर बूट तुमचा, नाही तर परत करा.

आमचे मालक वर्षाला खाकीचे दोन जोड देतात. मी मागितलं, एकच जोड द्या आणि उरलेल्या पैशात सहा बनियानी द्या. म्हणाले, “बनियान का गणवेशात येते?” अजून उत्तर द्यायचं आहे त्यांना.