प्लास्टर काढलं, मग कानातलं मशीन का नाही?

एक स्टार. लग्नाच्या फोटोतून आईच्या हाताचं प्लास्टर काढायला चार दिवस आणि ९०० रुपये! मोबाइलमध्ये दोन मिनिटांचं काम आहे हे. वर बहिणीच्या स्थळाच्या फोटोतलं कानातलं मशीन काढायला सरळ नकार, तोही चार लोकांसमोर. साताऱ्यात दुसरे स्टुडिओ आहेत, परत जाणार नाही.

स्टुडिओचं उत्तर:

दादा, नमस्कार. गर्दीत काउंटरवर बोललो ते तुम्हाला आत बसवून बोलायला हवं होतं. ताई शेजारीच उभ्या होत्या. माझं चुकलं, तुम्हा दोघांची माफी मागतो. पण ‘दोन मिनिटांचं काम’ हे वाचल्यापासून चैन नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

प्लास्टर पुसलं की खाली हात सापडत नाही, कारण कॅमेऱ्याने तो पाहिलेलाच नसतो. आईंचं प्लास्टर कोपराखालून बोटांच्या मुळापर्यंत होतं आणि हात निळ्या पाऊचमध्ये गळ्यात अडकवलेला. म्हणजे मनगट, त्यामागचा पदर, मंगळसूत्राचा झाकलेला भाग, सगळं नव्याने बसवायचं. दुसऱ्या कुणाचा हात जोडला असता तर लवकर झालं असतं, पण तो तुमच्या आईंचा हात नसता. म्हणून त्यांचाच डावा हात घेऊन आरशातल्यासारखा उलटा केला. खरी कटकट तिथून सुरू झाली. स्टेजवर उजेड एकाच बाजूने होता, त्यामुळे उलट्या हातावर तो भलत्याच अंगाला आला. उजळ भाग आणि सावली पुन्हा करावी लागली. डाव्या बोटातली अंगठी आणि मनगटावरचा तीळ दोन्ही हातांवर दिसू लागले, ते उजव्यावरून काढले. कोपर तर वाकलेलंच होतं. रिकामा हात हवेत तरंगल्यासारखा दिसे, म्हणून पदराची कड धरल्यासारखी बोटं बसवली.

पहिल्या प्रिंटमध्ये हनुवटीखाली निळसर झाक राहिली होती. पाऊचच्या कापडावरून उडालेला उजेड होता तो. तुम्ही बरोबर ओळखलंत, ती चूक माझीच, आणि ती निस्तरण्यात दीड दिवस गेला. पण दादा, मोबाइलवर ही झाक दिसली नसती. भिंतीवरच्या १२ बाय १८ इंची फोटोला चांगल्या छपाईसाठी ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात, त्यात मान, नखं, जरीची नक्षी सगळं उघडं पडतं. ९०० रुपयांत ती प्रिंट आणि लॅमिनेशनही होतं, पावतीवर लिहिलंय. लग्नसराईत तीन रात्री दुकान बंद करून हेच काम केलं. ते दोन मिनिटांचं म्हटल्यावर वाईट वाटतं.

आता मशीनचं. ताईंविषयी इथे जास्त लिहिणार नाही, तुम्ही विषय काढलात म्हणून तेवढंच. आईंचं प्लास्टर काही आठवड्यांत निघणार होतं. ते निघाल्यावर आई त्या फोटोतल्यासारख्याच दिसणार, आणि तो फोटो घरच्या भिंतीवर लागणार, जिथे सगळ्यांना हात मोडल्याचं माहीत आहे. स्थळाचा फोटो मात्र ताईंना कधीच न भेटलेली माणसं बघतात आणि त्यावरून पुढे यायचं की नाही ठरवतात. मशीन उद्याही कानात असणार. मी ते पुसलं तर पाहण्याच्या कार्यक्रमात पहिल्याच मिनिटाला फसवल्यासारखं होईल, आणि तेव्हा समोर मी नसेन, ताई असतील. त्याच फोटोतली गालावरची पुटकुळी मी न सांगता काढली, कारण ती आठ दिवसांत जाणारच होती. मशीनच्या नळीवर फ्लॅशची चमक आली होती, तीही काढली.

तुम्ही म्हणालात, मग केस पुढे घेऊन काढा. तसा एक फोटो काढून दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत. ताई केस तसे सोडतात, म्हणून मला ते चाललं. तरी तो फोटो पाठवणार असाल तर बायोडेटात मशीनची एक ओळ लिहा, असं मी तेव्हाही म्हटलं होतं. तुम्हाला तो उपदेश वाटला. माझीही मुलगी लग्नाची आहे. ताईंना स्वतःला घरात लावायला मशीनशिवायचा फोटो हवा असेल, तर त्यांनी सांगावं, मी करून देईन.

आणखी एक. आईंच्या अपघाताच्या क्लेमसाठी फोटो लागला तर भिंतीवरचा देऊ नका. मूळ फाइल प्लास्टरसकट, तारखेसकट मी जपून ठेवली आहे.

यापुढे अशा कामाचे दिवस आणि दर आधी लिहून देण्याचा प्रयत्न करू, काउंटरवरच्या बोलण्याचंही बघू. पेन ड्राइव्ह घेऊन या, मूळ फाइल लगेच देतो. रविवारी दुपारपर्यंत मी दुकानातच असतो.