भांडण करा, पण आकडा हाती आल्यावर

"ताई, नवऱ्याने घरातले पैसे शेअर बाजारातल्या ऑप्शन्समध्ये घालवले, वर दोन वर्षं लपवलं, आणि बायकोने शांत राहायचं? दोष त्याचाच ना? असले लेख वाचूनच बायका गप्प बसायला शिकतात."

दोष त्याचाच, त्यात वाद नाही. पण मी भांडण फक्त पुढे ढकलायला सांगते, पूर्ण आकडा हाती येईपर्यंत. हे माझ्याच घरात उलट करून शिकले.

नवऱ्याने पहिल्या रात्री साडेतीन लाख सांगितले. मी आरडाओरडा केला, सासूबाईंना फोन लावला. तो साडेतीनवरच अडून बसला आणि पुढच्या एक्स्पायरीला, म्हणजे सौद्यांची मुदत संपते त्या दिवशी, 'भरून काढतो' म्हणत पुन्हा खेळला. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या २०२४च्या अभ्यासात तीन वर्षांत एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्स, करणाऱ्या १०० पैकी ९३ वैयक्तिक ट्रेडर तोट्यात निघाले होते, तेव्हा भरून काढण्याची शक्यता तुम्हीच मोजा. लपवणारा माणूस पहिल्यांदा सांगतो तो आकडा त्याला सोसेल तेवढाच असतो.

खरा आकडा कागदांतून निघाला. ॲपवर दिसणारा नफा-तोटा निवडलेल्या तारखांपुरता असू शकतो, म्हणून खातं उघडल्यापासूनचं ब्रोकरचं लेजर, म्हणजे खात्यातल्या पैशांची खतावणी, काढलं. भरलेले ११ लाख २० हजार, परत काढलेले २ लाख १० हजार, शिल्लक १० हजार. म्हणजे ९ लाख गेले. मग क्रेडिट रिपोर्ट. तो वर्षातून एकदा फुकट मिळतो, पण ओटीपी त्याच्या मोबाइलवर येतो, त्यामुळे माणूस शेजारी बसायला तयार हवा. त्यात ४ लाखांचं पर्सनल लोन दिसलं. हातउसने मात्र कुठल्याच रिपोर्टात येत नाहीत. "अजून कोणाचे द्यायचेत?" हे मी तीन संध्याकाळी आवाज न चढवता विचारलं. तिसऱ्या संध्याकाळी ६० हजार बाहेर आले, तेही माझ्याच भावाचे! बाकीचे ४ लाख ४० हजार म्हणजे मोडलेली एफडी आणि पगार.

मग भांडले, मनसोक्त. पण तोवर त्याने स्वतःच एफ अँड ओ सेगमेंट बंद करून पगार जॉइंट खात्यात वळवला होता. लोनवर सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून माझी सही नव्हती, त्यामुळे वसुलीवाल्याचा मला फोन आला तेव्हा "हे कर्ज माझं नाही, त्यांच्याशी बोला" एवढं सांगून ठेवून दिला. आई म्हणाली, पाटल्या मोडू आणि मोकळे होऊ. मी नाही म्हटलं. कर्ज एका दमात फिटलं की नवं कर्ज सहज मिळतं, आणि खेळ तिथूनच पुन्हा सुरू होतो. हप्ता त्याच्याच पगारातून जातो.

शांत राहण्याचं आणखी एक कारण आहे. अशा वेळी माणूस जिवाचं बरंवाईट करण्याचं काही बोलू लागला तर हिशोब बाजूला ठेवायचा, त्याला एकटं सोडायचं नाही आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करायचा. आमच्याकडे दुसऱ्या संध्याकाळी तो तसं बोलला होता. त्या दिवशी लेजर उघडलंच नाही.